पत्रास कारण की, दिवाळी

"काही लागलं तर सांगा हं!" हे मराठीतलं सगळ्यांत बिनखर्चाचं वाक्य आहे. बोलणाऱ्याला त्यात काही द्यावं लागत नाही आणि ऐकणाऱ्याला काही मागता येत नाही. काय लागलं तर सांगायचं? वाटीभर साखर लागली तर, की रात्री अडीचला छातीत दुखायला लागलं तर? ते कोणी स्पष्ट करत नाही. ऐकणारा म्हणतो, "हो हो, तुम्ही आहात म्हणून तर निश्चिंत आहोत." बोलणारा तेवढं पुण्य पदरात पाडून घेतो आणि दोन्ही दारं बंद होतात.

बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातल्या आमच्या गल्लीत हे वाक्य समोरच्या अण्णा-काकूंना दर दिवाळीत घरटी एकदा ऐकावं लागतं. अण्णा रेल्वेतून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. काकू त्यांच्याहून चार वर्षांनी लहान आणि चाळीस वर्षांनी चपळ. मुलगी न्यू जर्सीला, मुलगा मेलबर्नला. एकीकडे अमेरिका, दुसरीकडे ऑस्ट्रेलिया आणि मध्ये बुधवारा.

जे चांगलं ते बाहेरगावी जाणार, हे बुऱ्हाणपूरला नवीन नाही. मुमताजमहल १६३१ साली इथेच वारली, ताप्तीपलीकडे झैनाबादला तिला पुरलं आणि काही महिन्यांनी आग्र्याला नेलं. ताजमहाल आग्र्याला झाला. आम्हाला 'इथेच होणार होता' ही गोष्ट उरली, ती आम्ही पाहुण्यांना चारशे वर्षं सांगतो आहोत. आमची माव्याची जलेबी मुंबईला गेली आणि रमजानमध्ये महंमद अली रोडवर बुऱ्हाणपूरच्याच नावाने रांगा लावून बसली. जिथे बेगम आणि जलेबी राहिली नाही तिथे इंजिनियर पोरं काय राहणार! अण्णा स्वतःच हे सांगतात आणि स्वतःच हसतात. काकू हसत नाहीत. त्या म्हणतात, "जलेबीला आई नसते."

अण्णांच्या बैठकीत तीन घड्याळं आहेत. मधलं आपलं, डावीकडे न्यू जर्सी, उजवीकडे मेलबर्न. खाली पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवलेल्या, अक्षर रेल्वेच्या पाटीसारखं ठसठशीत. दिवाळीच्या दिवसांत दोन्ही मुलं एकाच वेळी पडद्यावर यायची म्हणजे फार अरुंद खिडकी मिळते. अमेरिकेत उन्हाळी वेळ चालू असेल तर आपल्या साडेचारला न्यू जर्सीत सकाळचे सात असतात आणि मेलबर्नला रात्रीचे दहा. त्याआधी मुलगी झोपलेली, त्यानंतर मुलगा जांभया देतो. म्हणून साडेचार ते सव्वापाच हा काळ त्या घरात संध्येसारखा पाळला जातो. त्या वेळी कोणी कडी वाजवली तर काकू दार उघडतात, पण चेहरा उघडत नाही.

हे सगळं गणित एकदाच कोसळलं, २०२४च्या भाऊबीजेला. ती आली ३ नोव्हेंबरला, रविवारी. आणि अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, पहाटे दोन वाजता. म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेअकरा वाजले असताना, काकू पुऱ्या लाटत असताना, तिकडे न्यू जर्सीत एक तास जन्माला आला आणि बुधवाऱ्यात त्याची कुणालाच वर्दी नव्हती. डावीकडचं घड्याळ बिचारं जुन्याच वेळेने चालत होतं. मुलगी पडद्यावरून भावाला ओवाळणार होती. ताट तयार, निरांजन तयार. साडेचार झाले, फोन नाही. पावणेपाच, फोन नाही. आपण करावा तर ती गाडी चालवत असेल, लेकराला आंघोळ घालत असेल, असं म्हणून करायचाही नाही. तिकडे मेलबर्नचा भाऊ कपाळ पुढे करून बसलेला. सव्वापाचला अण्णा ओट्यावर आले आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागले. गल्लीतल्या प्रत्येकाने त्यांना पाहिलं. प्रत्येकाने विचारलं, "काय अण्णा, फिरायला?" आणि बहुतेकांनी पुढे ते वाक्यही म्हटलं, काही लागलं तर सांगा हं.

साडेपाचला फोन आला. मुलगी तिच्या घड्याळाने बरोबर सातला, वेळेवर होती. ज्या माणसाने उभी नोकरी भुसावळ विभागात वेळापत्रकावर काढली, त्याच्या घरात पूर्ण एक तासाचा घोटाळा व्हावा आणि चूक कुणाचीच नसावी, हे अण्णांच्या मनाला फार लागलं. आता त्यांनी डाव्या घड्याळाखाली दुसरी पट्टी लावली आहे: 'मार्च व नोव्हेंबरमध्ये खात्री करून घेणे.'

पण मुद्दा त्या तासाचा आहे. सबंध गल्लीत आपुलकीची कमी नव्हती; अण्णांना त्या तासात बसायला एक घर नव्हतं. 'कधीही या' असं सांगणारी घरं पुष्कळ होती. कधीही या म्हणजे आज नको, हे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

म्हणून २०२५च्या दिवाळीआधी आमच्या घरात ठरलं की अण्णा-काकूंना नीट बोलवायचं, आणि चिठ्ठी लिहून बोलवायचं. त्यावर पहिला आक्षेप माझ्या मुलाचा. "समोरचं घर आहे. खिडकीतून हाक मारली तरी ऐकू जातं. चिठ्ठी कशाला?"

हाकेला उत्तर हाकेनेच द्यावं लागतं, म्हणून. समोरासमोर बोलावलं की आपल्या माणसांच्या तोंडून पहिलं 'नको' आपोआप निघतं. दुसरं 'कशाला उगाच त्रास' हे शिष्टाचाराचं. तिसरं 'बघू जमलं तर' हे संभाषण संपवण्यासाठी. या तिन्हींतलं खरं कोणतं हे बोलवणाऱ्याला कळत नाही आणि पुष्कळदा बोलणाऱ्यालाही नाही. एकदा तोंडाने नको म्हटलं की मागाहून हो म्हणायला फार मोठं मन लागतं. कागदाला मात्र लगेच नको म्हणावं लागत नाही. तो चष्मा लावून वाचता येतो, रात्री दोघांत चर्चा होते, "जायचं का हो?" "तुला जायचंय का?" असं दोनतीनदा फिरून निर्णय सकाळी होतो. मोबाइलवर पाठवलेल्या निमंत्रणाचं तर बघायलाच नको. दिवाळीत काकूंच्या फोनवर इतक्या पणत्या, इतक्या लक्ष्म्या आणि इतकी गुलाबाची फुलं येऊन पडतात की त्यांत खरं बोलावणं सापडलं तर ती लक्ष्मीचीच कृपा.

पहिला मसुदा मुलाने लिहिला. पहिलंच वाक्य होतं: 'तुमची मुलं परदेशात असल्यामुळे सणाच्या दिवशी तुम्हाला एकटेपणा जाणवत असेल, म्हणून...' बायकोने तिथेच पेन काढून घेतलं. ती म्हणाली, "हे बोलावणं नाही, हा पंचनामा आहे." तिचं बरोबर होतं. त्या दोघांना मुलं परदेशात आहेत हे कोणी कळवण्याची गरज नाही. तीन घड्याळं ते काम दिवसरात्र करतात. शिवाय हे वाक्य वाचल्यावर येणं म्हणजे 'होय, आम्ही एकटे आहोत' अशी सही करून देणं. अण्णा अशा कागदावर सही करणाऱ्यांतले नाहीत. चिठ्ठीत मुलांचा उल्लेख एकदाच यावा आणि तोही फोनच्या वेळेपुरता, असं ठरलं.

दुसरा मसुदा आईच्या सांगण्यावरून. त्यात वरचा नमस्कारच पाऊण पान झाला. सगळ्यांना यथोचित नमस्कार आणि आशीर्वाद वाटून होईपर्यंत दिवाळी संपून तुळशीचं लग्न आलं असतं.

तिसरा मसुदा माझा, आणि त्यात लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी आमच्याकडे यावं असं सुचवलेलं होतं. त्यावर आईने हातातली जपमाळ खाली ठेवली. ऐन पूजेच्या वेळी त्यांनी स्वतःच्या दाराला कुलूप लावून आपल्याकडे यायचं? लक्ष्मी आली तर काय दारावरची पाटी वाचून परत जाणार? खरंच आहे. त्या संध्याकाळी घर उघडं हवं, उंबऱ्यावर दिवा हवा, घरात माणूस हवं. लोक प्रेमाने म्हाताऱ्या शेजाऱ्यांना नेमकं त्याच वेळी बोलावतात, ते आले नाहीत की 'आम्ही बोलावलं होतं बुवा' असं म्हणायला मोकळे होतात. आणि नरकचतुर्दशीची पहाट? ती तर अजिबात नाही. उटणं, तेल, ऊन पाणी हा प्रत्येक घराचा खासगी कारभार. अण्णांच्या पाठीला काकू तेल लावतात आणि काकूंच्या पाठीला अण्णा. त्यात शेजारधर्म आणू नये.

मग बोलवायचं कधी? इथे बुऱ्हाणपूर मदतीला आलं.

आमच्या गावात शनवारा, इतवारा, बुधवारा असे वारांच्या नावांचे मोहल्ले आहेत, त्यामुळे वारांचा गोंधळ आम्हाला अंगवळणी पडलेला आहे. पण २०२५ साली प्रकरण हाताबाहेर गेलं. अमावास्या लागली २० ऑक्टोबरला दुपारी पावणेचारच्या सुमारास आणि संपली २१ला सूर्यास्ताच्या आसपास. ज्यांना अमावास्येची सबंध संध्याकाळ हवी त्यांनी २० धरली. मराठी पंचांगांनी २१ दिली. इतर गावांत एकच पंचांग असतं, आमचं गाव पडलं हद्दीवर. रावेर इथून हाकेच्या अंतरावर, आणि दर दुसऱ्या भिंतीवर वेगळं कॅलेंडर. आमच्या गल्लीत हिंदी, गुजराती घरांची दिवाळी सोमवारी २०ला, आमची मंगळवारी. कोपऱ्यावरचा पानवाला आठवडाभर प्रत्येक मराठी गिऱ्हाइकाला विचारत होता, "भाईसाब, लक्ष्मीजी आपके यहाँ एक दिन लेट क्यों चल रही हैं?" अण्णांनी त्याला सांगितलं, "गाडी तीच आहे. तुमचं स्टेशन आधी लागतं."

तर सोमवार २० ऑक्टोबरची संध्याकाळ ही आम्हा मराठी घरांना मोकळी होती. पहाटेचं अभ्यंगस्नान उरकलेलं, लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी. त्यातून सगळी गल्ली त्याच रात्री फटाके उडवणार. म्हणजे घरात बसून काही करता येणार नाही, झोपता येणार नाही, टीव्ही ऐकू येणार नाही. आणि परदेशात काय, २०लाच हॅपी दिवाळी होऊन जाते, त्यामुळे दोन्ही मुलांचे फोन त्याच दुपारी येणार आणि सव्वापाचपर्यंत संपणार. पुढचे चार तास बाहेर सुतळी बॉम्ब आणि आत दोन माणसं. बोलवायचं तर ही संध्याकाळ.

दुसरा प्रश्न, बोलवायचं कशासाठी. नुसतं 'या, बसू' म्हटलं की येणारा पाहुणा होतो आणि पाहुण्याला सारखं 'आता निघतो' म्हणावं लागतं. वडीलधाऱ्या माणसाला काम द्यावं. मग तो पाहुणा राहत नाही, अधिकारी होतो. सुदैवाने आमच्याकडे एक खरं संकट होतं. आईच्या चकल्या तेलात गेल्या की विरत होत्या. कढईत सोडताना चकली, झाऱ्यावर येताना चुरा.

आणि काकूंकडे त्या वर्षी उलट संकट होतं. त्या दरवर्षी सप्टेंबरअखेर न्यू जर्सीला टपालाने फराळ पाठवतात. २०२५च्या ऑगस्टअखेरीस अमेरिकेच्या नव्या जकातीच्या भानगडीमुळे टपाल खात्याने तिकडची पार्सलं थांबवली, ती सुरू झाली १५ ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळी पाच दिवसांवर आल्यावर. काकूंनी तोवर सवयीने दोन खंडांचा फराळ करून ठेवला होता. अमेरिकेसाठी पत्र्याच्या डब्यात भरलेला चिवडा आणि कडबोळी कपाटावर बसून होती. जागतिक व्यापाराचे परिणाम वर्तमानपत्रात वाचतो आपण. बुधवाऱ्यात ते कपाटावर दिसत होते.

अखेर चिठ्ठी झाली ती अशी:

॥ श्री ॥

बुधवारा, बुऱ्हाणपूर
दि. ११ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप अण्णा व सौ. काकूंस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, सोमवारी २० तारखेला गल्लीची दिवाळी आहे आणि आपली नाही. त्या संध्याकाळी आम्ही घरीच आहोत. तुम्ही दोघांनी सात वाजता आमच्याकडे यावं. खालच्या खोलीतच बसू, जिना चढायचा नाही. रस्त्यात पोरं फटाके उडवतात, म्हणून पावणेसातला मुलगा तुम्हाला घ्यायला येईल आणि साडेआठला परत सोडेल. त्याहून जास्त वेळ तुम्हाला अडकवणार नाही.

जेवायला मुगाची खिचडी, कढी आणि भाजलेला पापड. अण्णांचा चहा बिनसाखरेचा, हे लक्षात आहे.

एक काम आहे. आईच्या चकल्या तेलात विरतात. उरलेलं पीठ आम्ही तसंच ठेवतो आहोत. काकूंनी येऊन बघावं आणि रागवायचं असेल तर आईला रागवावं.

दुपारी साडेचार ते सव्वापाच तुमचा फोन असतो, तेव्हा आमच्याकडून कोणी येणार नाही. फोन उशिरा आला तर इकडे घेऊन या. आम्ही टीव्ही बंद करू.

नोव्हेंबरात मला बँकेत जायचंच आहे. पेन्शनचा हयातीचा दाखला त्याच दिवशी करून टाकू. वार अण्णांनी ठरवावा.

जमणार नसेल तर कारण कळवू नये. चिठ्ठीसोबतची पिशवी सकाळी आमच्या दाराच्या कडीला अडकवावी, आम्ही समजू आणि विचारणार नाही.

आपला,
समोरचा

यातल्या दोन कलमांवर घरात बरीच वादावादी झाली. 'साडेआठला परत सोडेल' हे मुलाला उद्धटपणाचं वाटलं. आपणच पाहुण्याला जायची वेळ सांगायची? पण म्हाताऱ्या माणसांना येण्याची भीती नसते, उठता न येण्याची असते. गोळ्यांची वेळ, गुडघे, काळोखातला उंबरा आणि यजमानाचं 'बसा हो, कुठे घाई आहे' या चौघांच्या तावडीतून सुटायचं कसं, या विचारानेच ते निघत नाहीत. सुटण्याची वेळ आधी छापलेली असली की माणूस निवांत बसतो. रेल्वेच्या माणसाला तर हे सांगावंच लागत नाही.

दुसरं कलम हयातीच्या दाखल्याचं. दिवाळीच्या चिठ्ठीत 'आपण जिवंत आहात हे सिद्ध करू' असं लिहायचं, हे आईला अभद्र वाटलं. पण खरी गरज तिथेच होती. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हा दाखला द्यावा लागतो. ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासून देता येतो, अण्णा त्या सवलतीला दोन वर्षांनी लहान. दाखला आता यंत्रावर होतो, पण त्याला बोटांचे ठसे लागतात आणि उतारवयात बोटं गुळगुळीत होतात. आदल्या वर्षी एका खिडकीवर अण्णांची दहाच्या दहा बोटं नापास झाली. शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवायची सोय निघाली. त्यात पडदा म्हणतो, डोळे मिचकावा. भर बँकेत, लोकांदेखत, अण्णांनी भारत सरकारला डोळा मारला तेव्हा कुठे ते हयात ठरले. मुलं रोज विचारतात जेवलात का, सरकार वर्षातून एकदा विचारतं जिवंत आहात का. मधल्या प्रश्नांची सोय शेजाऱ्यांनी करायची असते.

पिशवीचं कलम बायकोचं. तिचं म्हणणं, नकार देणाऱ्याला कारण शोधायला लावू नये. कारण मागितलं की काकू गुडघ्याचं सांगणार, मग आपण गुडघ्याची चौकशी करणार, मग कुणाचा तरी मेहुणा जळगावचा हाडांचा डॉक्टर निघणार, आणि खरी गोष्ट एवढीच असणार की त्या दिवशी त्यांना कोणाचं तोंड बघायचं नव्हतं. तसाही एखादा दिवस असतो. त्याला जागा हवी.

चिठ्ठी संध्याकाळी पिशवीत घालून मुलाने दिली. पिशवीत चार शेवंतीची फुलं आणि आमची एक विरलेली चकली, म्हणजे जे काही उरलं होतं ते, नमुना म्हणून. सकाळी कडीला पिशवी दिसली. आई म्हणाली, "संपलं." पण पिशवी जड होती. आत अमेरिकेचा पत्र्याचा डबा होता आणि आमचीच चिठ्ठी, पाठीमागून लिहिलेली. काकू कागदाची एक बाजू कोरी ठेवत नाहीत.

काकूंचं उत्तर असं होतं: 'मोहन जास्त झालं आहे. तेल ओतताना गप्पा मारल्या असतील. पीठ टाकू नका. त्यात कोरडी भाजणी मिसळून मळा, एकच चकली तळून बघा, मोडली तर आणखी थोडी भाजणी. तेल नीट तापलेलं असू द्या, नाहीतर तेलकट होतील. खिचडी चालेल, कढीत साखर घालू नका. सोबत चिवडा आहे, तो तिकडे जायचा होता. डबा परत करा.' त्याखाली अण्णांचं ठसठशीत अक्षर: 'आगमन १९:००. प्रस्थान २०:३०. बँक: दुसरा बुधवार.'

अशी सही-शिक्क्याची स्वीकृती आमच्या लग्नपत्रिकेलाही आली नव्हती.

सोमवारी दोघं आली. काकूंनी पदर खोचला तो थेट स्वयंपाकघरात जाऊन. भाजणी मिसळून तळलेली पहिली चकली जराशी मोडली, दुसरी टिकली, तिसरीला काटे सुटले. आईच्या चेहऱ्यावर कृतज्ञता आणि पराभव दोन्ही होते. बाहेर गल्लीत पॉवरलूमची नेहमीची खटखट बंद आणि फटाके चालू, त्यामुळे अण्णा बोलत होते ते आम्हाला निम्मंच ऐकू येत होतं. ते त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि तेही निम्मंच ऐकू आलं. कुणाची काही तक्रार नव्हती.

पावणेआठच्या आसपास काकूंचा फोन वाजला. न्यू जर्सी. तिकडे सकाळचे सव्वादहा, ऑफिसात दिवाळीची रांगोळी काढली होती ती दाखवायची होती. चिठ्ठीत कबूल केल्याप्रमाणे मुलगा टीव्ही बंद करायला उठला. काकू एका हातात सोऱ्या धरून, दुसऱ्या हाताच्या कोपराने फोन सरळ करत म्हणाल्या, "अगं, आत्ता नको. कढईत घाणा आहे. उद्या साडेचारला कर." आणि फोन ठेवला.

पाच मिनिटांनी माझा फोन वाजला. "काका, आई-बाबा बरे आहेत ना? आईने फोन ठेवला! आईने!" मागोमाग मेलबर्नहून मुलाचा संदेश आला, तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. दोन खंडांत घबराट पसरली. मी कढईचा फोटो काढून पाठवला, त्यात काकूंचा फक्त हात आणि झारा आला, पण पोरांनी हात ओळखला. न्यू जर्सीहून उत्तर आलं: 'माझ्या वाट्याच्या चकल्या कोण खातंय?' मी अण्णांचा फोटो पाठवला.

साडेआठला अण्णांनी घड्याळाकडे पाहिलं, काकूंनी पाहिलं नाही. गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या बुधवारी आम्ही बँकेत गेलो, अण्णांनी पहिल्याच झटक्यात डोळा मिचकावला आणि ते आणखी एक वर्ष हयात झाले.

ज्यांच्या समोर असं एखादं दार आहे त्यांनी चिठ्ठी दिवाळीच्या आठवडाभर आधी टाकावी, दोन्ही पंचांगं बघून टाकावी, आणि आत येण्याच्या वेळेइतकीच जाण्याची वेळही लिहावी. अमेरिकेच्या घड्याळाची नोव्हेंबरात खात्री करून घ्यावी. आणि डबा परत द्यायला विसरू नये. काकू दर दोन दिवसांनी आठवण करून देतात.